भाडं थकलं? नोटिशीआधी एक पत्र

भाडेकरूने चार महिने भाडं दिलं नाही की घरमालक थेट वकील गाठतो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 15 नुसार थकबाकीसाठी जागा परत मागायची, तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि 90 दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, तर त्या कारणावरून जागा सुटत नाही. म्हणून आधी हप्ते ठरवणं मालकाच्याही सोयीचं.

समजा, भाडं 12,000 रुपये आणि एप्रिल ते जुलैची थकबाकी 48,000. पत्रात महिनावार आकडे लिहावेत आणि पुढे म्हणावं : ‘‘ऑगस्टपासून दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत चालू भाडं 12,000 आणि थकबाकीचा हप्ता 8,000, असे 20,000 रुपये द्यावेत. सहा हप्त्यांत हिशेब मिटेल. हप्ता चुकल्यास कायदेशीर नोटीस देण्याचा माझा हक्क राखून ठेवत आहे.’’ खाली दोघांच्या सह्या हव्यात.

वाद होतो तो पावतीवरून. आलेले पैसे चालू भाड्याचे की थकबाकीचे, हे प्रत्येक पावतीवर लिहा. पाणी-वीज तोडण्याची धमकी मात्र पत्रात नको. योग्य कारणाशिवाय तसं करणं कायद्याने गुन्हा आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या घरांना वेगळे नियम लागू होतात, म्हणून आधी आपला करार वाचा.