फोटो तीन एमबीचा, जागा पन्नास केबीची

बँक भरतीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता आणि आमच्या आत्याच्या धाकट्या मुलाचा रात्री साडेनऊला फोन आला. "ताई, फोटो चढतच नाहीये गं. एकदा म्हणतं मोठा आहे, एकदा म्हणतं लहान आहे. नेट पण संपलं."

त्याचा फोन दोन जीबी रॅमचा, तीन-चार वर्षांचा जुना. दिवसाचा दीड जीबी डेटा त्याने दुपारीच संपवला होता (कशावर, ते विचारलं नाही). बऱ्याच प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की नेट बंद पडत नाही, सेकंदाला ६४ किलोबिटवर येतं. म्हणजे सेकंदाला आठ केबी. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पाठवायला तेवढं पुरतं, पण हा पठ्ठ्या त्या वेगावर ३.४ एमबीचा कॅमेऱ्यातला फोटो एका 'फोटो लहान करा' साइटवर चढवत होता. हिशेब केला तर एका खेपेला सात मिनिटं लागतात, तीही लाइन मध्येच तुटली नाही तर. त्याची दोनदा तुटली होती. तिसऱ्यांदा फोटो गेला, लहान होऊन आला आणि अर्जाने परत पाठवला.

आयबीपीएसच्या अर्जाला फोटो २० ते ५० केबीच्या दरम्यान लागतो आणि शक्यतो २०० बाय २३० पिक्सेलचा. सही १० ते २० केबी, शक्यतो १४० बाय ६० पिक्सेल. हे आकडे अर्जाच्या सूचनांमध्येच असतात. तरी बहुतेकांची समजूत अशी की फोटो 'लहान' केला की झालं. किती लहान, आणि लांबीरुंदीने की वजनाने, हा विचार कुणी करत नाही.

मी त्याला पहिल्यांदा सांगितलं ते हे की फोटो कुठेही चढवू नकोस. ब्राउझरमधली साधनं दोन जातींची असतात आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. एका जातीत तुमचा फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातो, तिथे बारीक होतो आणि परत येतो. दुसऱ्या जातीत फक्त पान तुमच्या फोनवर उतरतं आणि पुढचं सगळं काम तुमचाच फोन करतो. फोटो कुठेही जात नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. पान पूर्ण उघडलं की डेटा बंद करायचा आणि मग फोटो निवडायचा. काम झालं तर ते फोनमध्येच झालं. पान अडून बसलं तर समजायचं की तुमचा फोटो परगावी निघाला होता. अ‍ॅपलाही हीच परीक्षा लावता येते, आणि फुकटच्या अ‍ॅपमध्ये डेटा बंद केल्यावर जाहिरातीही गप्प होतात, हा वरचा फायदा.

दुसऱ्या जातीतलं मी वापरते ते स्क्वूश, पत्ता squoosh.app. गूगलच्या क्रोम टीममधल्या लोकांनी ते २०१८ मध्ये आणलं. एकदा चांगल्या नेटवर उघडून ठेवलं की पुढे नेट नसतानाही उघडतं. पण भावाकडे ते आधी उघडलेलं नव्हतं आणि आठ केबीच्या वेगाने ते यायला वेळ लागला असता. शेवटी शेजारच्या काकांचा हॉटस्पॉट दोन मिनिटांसाठी मागितला. पान उघडलं, हॉटस्पॉट परत केला.

मग मी म्हटलं, फोटो निवड. त्याने निवडला आणि पान पांढरं झालं. पुन्हा निवडला, पुन्हा पांढरं.

इथे स्वस्त फोनवाले नेहमी फसतात, आणि दोष साइटचा नसतो. फाइल ३.४ एमबीची दिसते, पण ती दाबून बांधलेली गादी आहे. उघडली की फुगते. त्याचा कॅमेरा १३ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटोत ४१६० गुणिले ३१२० असे सुमारे एक कोटी तीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला मेमरीत चार बाइट लागतात, म्हणजे उघडलेला फोटो ५२ एमबीचा. त्यात मूळ फोटो आणि बदललेला फोटो शेजारीशेजारी दाखवायचे म्हणून साधन एकाहून जास्त प्रती धरून बसतं. दोन जीबीतला मोठा वाटा अँड्रॉइडच खातो. उरलेल्यात मागे उघडी राहिलेली चार अ‍ॅप्स. मेमरी कमी पडली की ब्राउझरचं पान मरतं. पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेल्या स्वस्त फोनवर तर एक फोटो दोनशे एमबीपर्यंत फुगतो.

म्हणून कातरकाम आधी फोनच्या गॅलरीत करून घ्यायचं. गॅलरीचं क्रॉप फोनबरोबर आलेलं असतं, त्याला डेटा लागत नाही आणि त्याच फोनच्या ताकदीला ते जुळलेलं असतं. भावाच्या फोटोत तो भिंतीसमोर उभा होता आणि निम्मा फोटो भिंतीचाच होता. त्याने ४:५ चं माप निवडून डोकं-खांद्यांपुरता भाग ठेवला आणि वेगळी प्रत सेव्ह केली. ती झाली १२०० बाय १५०० ठिपक्यांची. उघडल्यावर ५२ ऐवजी सात एमबी. स्क्वूशने ती निमूट उघडली.

आता माप. Resize चालू केलं, रुंदी २००, उंची २३० घालायची. दोन्ही आकडे आपल्याला हवे तेच ठेवायचे तर Maintain aspect ratio ची खूण काढावी लागते, आणि ती काढली की Fit method नावाची निवड समोर येते. तिथे Stretch राहिलं तर ४:५ चा फोटो ओढूनताणून २०० बाय २३० मध्ये बसवला जातो आणि माणूस गालगुंड झाल्यासारखा दिसतो. भावाचा तसाच दिसला. Contain केलं की साधन ताणत नाही, वरखाली जास्तीचं कापतं. या फोटोत वरून साठ आणि खालून साठ ठिपके गेले. म्हणून गॅलरीत कापताना डोक्यावर बोटभर जागा सोडायची, नाहीतर केस छाटले जातात.

खाली MozJPEG आणि Quality ७५ हे आधीपासूनच असतं. त्यावर फोटो किती झाला? आठ केबीच्या आसपास. तीन एमबीचा फोटो पन्नास केबीत कसा बसणार या चिंतेत आपण असतो आणि खरी अडचण उलट्या बाजूने येते. २०० बाय २३० म्हणजे जेमतेम ४६ हजार ठिपके. त्यांना वीस केबीपर्यंत वर न्यायचं तर दाबणं कमी करावं लागतं. Quality हळूहळू नव्वदीच्या पुढे नेली तेव्हा आकडा २० दाखवू लागला. आणि तिथेच थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो. स्क्वूश एक केबी हजार बाइटचा धरतं, अर्ज बरेचदा १०२४ चा धरतो. इकडचे २०.१ तिकडे १९.६ होतात. काठावर उभं राहू नये. आम्ही ३० च्या जवळ गेलो. कधी शंभरपर्यंत नेऊनही आकडा हलत नसेल, तर रुंदी ३००, उंची ३४५ करायची. प्रमाण तेच राहतं आणि सूचनेत 'शक्यतो' म्हटलेलं असतं.

सहीला या 'शक्यतो'ची खरी गरज पडते. १४० बाय ६० म्हणजे फक्त ८४०० ठिपके. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईच्या चार रेघा, बाकी सगळं कोरं. जेपीईजी कोऱ्या जागेला जवळपास वजनच देत नाही, त्यामुळे त्या मापात दहा केबी गाठणं महाकठीण. गंमत अशी की सही जितकी स्वच्छ काढाल तितकी ती हलकी भरते आणि नापास होते. भावाने रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या सहीवर फोनची सावली पडली होती, कागद करडा दिसत होता. तो आधी उजळ करायला हवा होता. अशा कामाला स्नॅपसीड हे अ‍ॅप चांगलं आहे. एकदा उतरवलं की नेटशिवाय चालतं, Tune Image मध्ये उजेड आणि कॉन्ट्रास्ट बोटाने सरकवून वाढवता येतात, आणि ब्राउझरपेक्षा मोठा फोटो जास्त सांभाळून उघडतं. पण 'मला २८० बाय १२० पिक्सेल, पंधरा केबी द्या' असं त्याला सांगता येत नाही. सेव्ह करतानाचे ठरावीक आकार आणि दर्जा एवढंच हातात. म्हणजे रंगरूप अ‍ॅपने सुधारायचं आणि मापवजन ब्राउझरने करायचं. माझ्या मते या भांडणात कुणी एक जिंकत नाही, दोघांची पाळी लावावी लागते.

त्याच्याकडे स्नॅपसीड नव्हतं आणि आठ केबीच्या वेगाने अ‍ॅप उतरवायचं म्हणजे रात्र गेली असती. प्ले स्टोअरवर About this app मध्ये अगदी खाली डाउनलोडचा आकार लिहिलेला असतो, तो बघून ठरवावं. आम्ही सावलीवर सोपा उपाय केला. कागद टेबलाच्या कडेला सरकवला, दिवा पाठीमागून नाही तर बाजूने येईल असा बसला, आणि सही जवळून न काढता हातभर लांबून काढून मग कापली. लांबून काढल्यावर फोनची सावली कागदावर पडत नाही. माप २८० बाय १२० ठेवलं. ठिपके चौपट झाले, Quality वर सरकवली आणि वजन बारा केबीवर आलं.

मधल्या वेळात त्याने एक शंका काढली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवला तर फोटो लहान होतो ना? होतो, आणि तो पाठवण्याआधी फोनमध्येच लहान होतो, म्हणून डेटाही कमी जातो. पण किती लहान व्हायचं हे व्हॉट्सअ‍ॅप ठरवतं. फोटो शंभर-दोनशे केबीचा उरतो आणि मग पुन्हा तेच काम. मात्र स्क्वूशमध्ये पान पांढरं होत असेल आणि गॅलरीत क्रॉपच नसेल, तर पहिली पायरी म्हणून ही युक्ती वाईट नाही.

साडेदहाला त्याने दोन्ही फाइल चढवल्या. फोटो ३१ केबी, सही १२. सेकंदाला आठ केबीच्या त्या मरतुकड्या नेटवर दोन्ही मिळून पाच-सहा सेकंदांत गेल्या. मग पुढचं पान उघडलं आणि तो म्हणाला, "ताई, आता अंगठ्याचा ठसा मागतंय. २४० बाय २४०."

"शाई आहे का घरात?"

"आजीचं काजळ आहे."

"पांढऱ्या कागदावर उमटव. आणि फोटो लांबून काढ."