भिंत फोडण्याआधीचा हिशोब

स्वयंपाकघराचं काम काढलं की ठेकेदार खोली बघतो आणि एक गोल आकडा सांगतो. "साधारण अडीच लाख धरा." या एका आकड्यात सामान किती, मजुरी किती, वाया जाणारा माल किती आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी काय ठेवलंय, हे कुणालाच कळत नाही. बहुतेकांचं बजेट बिघडतं ते शेवटच्या दोन बाबींत, म्हणून त्या नीट समजून घ्यायला हव्यात.

तीसेक वर्षं जुन्या इमारतीतलं दहा बाय आठ फुटांचं स्वयंपाकघर घेऊ. एल आकाराचा ओटा, दहा फुटांच्या आणि आठ फुटांच्या भिंतीलगत. ओट्यावर चार फूट उंच डॅडो, मध्ये तीन बाय तीनची खिडकी. भिंतीचं क्षेत्रफळ 72 चौरस फूट, खिडकी वजा जाता 63. दुकानात मिळणारी 'एक बाय दोन'ची टाइल प्रत्यक्षात 300 बाय 600 मिलिमीटरची, म्हणजे दोन चौरस फुटांपेक्षा थोडी लहान असते. त्या मापाने 33 टाइल्स लागतात. त्यावर रिवाजाप्रमाणे दहा टक्के वाया धरले, की 37. पाच नगांचा बॉक्स असेल तर आठ बॉक्स, म्हणजे 40 टाइल्स. कागदावर हे पुरेसं दिसतं.

आता हेच ओळीओळीने मोजा. दहा फूट म्हणजे 3048 मिलिमीटर. पाच टाइल्स लावल्यावर कोपऱ्यात जेमतेम दोन इंचांची पट्टी उरते. ती वाईट दिसते, म्हणून चांगला गवंडी मध्ये चार अख्ख्या टाइल्स लावतो आणि दोन्ही टोकांना अर्ध्यापेक्षा थोडे मोठे तुकडे बसवतो. एका टाइलमधून असे दोन तुकडे निघत नाहीत, त्यामुळे एका ओळीला सहा टाइल्स लागतात. आठ फुटांच्या भिंतीला याच कारणाने पाच. चार ओळींच्या मिळून 44 झाल्या. खिडकीमुळे फार तर तीन वाचतात, कारण तिच्या कडेलाही कापाकापी आहेच. म्हणजे 41 टाइल्स, आणि आपण आणल्या 40. एका टाइलसाठी पुन्हा दुकान गाठावं लागतं आणि तोवर ती बॅच संपलेली असू शकते. नव्या बॅचची छटा किंचित वेगळी निघाली, तर ओट्यावरच्या उजेडात ती रोज डोळ्यांत खुपते. म्हणून नऊ बॉक्स घ्या, सगळ्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना बघा, आणि उरलेल्या चार टाइल्स माळ्यावर ठेवा. पुढे नळ दुरुस्तीला भिंत फोडावी लागली तर त्या कामी येतात.

ग्रॅनाइटचंही तसंच. सिंकसाठी कापून काढलेल्या तुकड्याचे पैसे आपणच भरतो, म्हणून ओट्याचं माप सिंक वजा न करता धरावं.

मजुरीत लोक चौरस फुटाच्या दरावर विसंबतात. तो दर मोठ्या कामाला परवडतो. 63 चौरस फुटांसाठी गवंडी आणि बिगारी येतात ते हजेरीवर किंवा उक्ते. तोडकाम, राडारोडा खाली उतरवणं आणि टेम्पोने नेणं, ही रक्कम वेगळी लिहून घ्या. कोटेशनमध्ये हीच बाब हमखास गाळलेली असते.

आता राखीव रक्कम. सरसकट दहा टक्के धरण्याला माझा विरोध आहे, कारण सगळी कामं सारखी बेभरवशाची नसतात. समजा, एकूण अंदाज 2,40,000 रुपयांचा आहे. त्यातले ट्रॉल्या, चिमणी, सिंक यांचे 1,40,000 लेखी दराचे आहेत. तिथे पाच टक्के, म्हणजे 7,000 पुरतात. उरलेले एक लाख तोडकाम, प्लंबिंग, वायरिंग, प्लास्टर आणि डॅडोचे. भिंतीआड काय आहे ते फोडल्याशिवाय दिसत नाही. जुन्या टाइल्स काढताना प्लास्टरही सुटून येतं, आतले लोखंडी पाइप गंजलेले निघतात, ओव्हनसाठी स्वतंत्र जाड वायर ओढावी लागते. इथे वीस टक्के, म्हणजे 20,000 ठेवा. एकूण 27,000.

हा धोका थोडाफार आधी ओळखता येतो. जुन्या टाइल्सवर बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर टाइलची पकड सुटलेली आहे. खालच्या मजल्यावर जाऊन छताला ओल आहे का विचारा. ओल असेल, तर वीसऐवजी तीस टक्के धरा.

ही राखीव रक्कम ठेकेदाराला सांगू नका आणि काम चालू असताना महागड्या ग्रॅनाइटवर उडवू नका. पाइप बदलून झाले, की डॅडो लावण्याआधी प्लंबरकडून पाण्याचा दाब देऊन गळती तपासून घ्या. टाइल्स बसून नळ सुरू झाले, की भिंतीआडचा धोका बराचसा संपतो. त्यानंतर जे उरेल ते हौसेला खुशाल वापरा, त्याआधी एक रुपयाही नको.