खुर्ची रिकामी नसताना

समजा, चाकणमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीला आपला सीएफओ बदलायचा आहे. तो मात्र अजून रोज सकाळी केबिनमध्ये येऊन बसतो. जाहिरात देणं शक्यच नाही. अशा वेळी मालक एक्झिक्युटिव्ह सर्च फर्म गाठतो, आणि पहिल्याच बैठकीत निम्मं सांगून निम्मं हातचं राखतो. गडबड तिथेच होते.

फर्मला सगळं खरं सांगायला हवं, अगदी सध्याच्या सीएफओचं नावही. नाहीतर फर्मचा संशोधक त्याच क्षेत्रातल्या अनुभवी सीएफओंची यादी करताना त्यालाच फोन करायचा! गुप्तता पाळायची ती बाहेरच्यांपासून. उमेदवाराला आधी 'पुणे परिसरातली मध्यम आकाराची उत्पादन कंपनी' एवढंच कळतं. त्याने गोपनीयतेच्या करारावर सही केली की मग नाव.

फी बहुधा पहिल्या वर्षाच्या एकूण रोख पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. पगार दीड कोटी धरला, तर फी 50 लाख आणि वर 18 टक्के जीएसटीचे 9 लाख. ती साधारण तीन हप्त्यांत द्यायची: काम सुरू होताना, निवडक नावं समोर आल्यावर आणि नेमणूक झाल्यावर. माणूस मिळाला तरच पैसे घेणाऱ्या एजन्सी असतात, पण त्यांना घाई असते आणि त्या बायोडेटा चार ठिकाणी फिरवतात. गुप्त कामाला त्या नकोतच. टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम ठरवली तर उत्तम. मग पगार फुगवण्यात फर्मचा फायदा उरत नाही.

पण बिल जाणार कुठे? अकाउंट्समध्ये, म्हणजे थेट त्याच सीएफओच्या टेबलावर. पहिल्याच हप्त्याला बिंग फुटतं. म्हणून बिल कोणाच्या नावे, कोणत्या ईमेलवर आणि समूहातल्या कोणत्या कंपनीतून भरायचं, हे करारातच ठरवावं.

शोधाचा आवाका ठरवताना एक प्रश्न बहुतेक मालक विचारत नाहीत: तुम्ही कोणत्या कंपन्यांतून माणूस उचलू शकत नाही? सर्च फर्म आपल्या ग्राहक कंपन्यांना काही काळ हात लावत नाहीत. ही मुदत बहुधा एक-दोन वर्षांची असते. तुम्हाला हव्या असलेल्या दहा कंपन्यांपैकी सहा त्या यादीत असतील, तर फर्म कितीही नामांकित असो, तुमच्या कामाची नाही. ही यादी पहिला हप्ता देण्याआधी मागावी.

आवाका मध्येच बदलला, म्हणजे सीएफओ शोधता शोधता 'सीईओच घेऊ या' असं झालं, तर फर्म नवी फी मागते, आणि ते रास्तच आहे. निवडलेला माणूस सहा महिन्यांत सोडून गेला तर बहुतेक फर्म पुन्हा शोध घेतात, पैसे परत करत नाहीत. ती मुदत एक वर्ष करून घेण्याचा प्रयत्न सही करण्याआधीच करावा. नंतर कोणी ऐकत नाही.