फोटो पाच फुटांवरून काढा

विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर नाव नोंदवताना शिक्षण, नोकरी, उंची, रास-नक्षत्र हे रकाने भराभर भरले जातात आणि गाडी अडते ती फोटोपाशी. मोबाइलमध्ये फोटोंचा ढीग असतो, पण स्थळ म्हणून पाठवावा असा एक सापडत नाही. शेवटी त्यातल्या त्यात बरा सेल्फी निवडला जातो. त्यात खोटं काही नाही, असं घरच्यांनाही वाटतं. पण चेहरा बदलायला फिल्टर लागतोच असं नाही. सेल्फी काढतानाच तो बदललेला असतो.

हात लांब केला तरी फोन चेहऱ्यापासून फूट-दीड फुटावरच राहतो. इतक्या जवळून नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून ते मोठं दिसतं आणि कान मागे सरकतात. फोन पाच फुटांवर नेला की नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक नगण्य होतो आणि चेहरा समोरच्या माणसाला दिसतो तसा येतो. अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनने सहकाऱ्यांसह २०१८ साली याचं गणित मांडलं. पाच फुटांवरच्या फोटोशी तुलना केली, तर बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी जवळपास ३० टक्क्यांनी जास्त दिसते. असा सेल्फी पाहून स्वतःच्या नाकावर नाराज होणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

समजा, नाशिकला बँकेत नोकरी करणाऱ्या एका मुलीचा फोटो घरीच काढायचा आहे. ती चष्मा लावते. सकाळी दहाच्या सुमारास, थेट ऊन येत नाही अशा खिडकीकडे तोंड करून तिने उभं राहावं. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळवंडतो. खोलीतली ट्यूबलाइट बंद हवी, कारण वरून येणाऱ्या उजेडाने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि मुलगी उगाच थकलेली दिसते. भावाने पाच फुटांवर उभं राहून फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा आणि जवळ न जाता दुप्पट झूम करावा. सुरुवातीलाच ब्यूटी मोड तपासावा. काही फोनमध्ये तो आपोआप चालू असतो. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर मान किंचित खाली किंवा बाजूला वळवावी. चष्मा मात्र काढू नये, कारण पाहुणे येतील तेव्हा तो असणारच आहे. पूर्ण उंचीच्या फोटोसाठी भावाने आणखी मागे जाऊन फोन कमरेच्या उंचीवर आणावा, म्हणजे पाय आखूड दिसत नाहीत. तिच्याशी बोलत बोलत वीस-पंचवीस फोटो काढले की दोन-चार चांगले निघतात.

त्यातला नेमका कोणता पाठवायचा, हे तिने एकटीने ठरवू नये. आपण स्वतःला आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटलेलं पाहत आलेलो असतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बहुतेकींना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो आवडला, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ फोटो. ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी फेसबुकवरच्या आपल्याच बारा फोटोंमधून निवड केली आणि तीच निवड अनोळखी लोकांकडूनही करून घेतली. पाहणाऱ्यांवर अधिक चांगली छाप पडली ती अनोळखी लोकांनी निवडलेल्या फोटोंची. म्हणून रोज भेटणारी मैत्रीण आणि फारशी ओळख नसलेली एखादी व्यक्ती, अशा दोघांना फोटो दाखवावेत. आईचं मत घ्यावं, पण एकट्या आईचं नको. तिला लेकीचा प्रत्येक फोटो गोडच वाटतो.

फोटोवर हात किती फिरवावा, याची मर्यादाही ठरवता येते. आठवड्यात जाणारी पुटकुळी पुसायला हरकत नाही. तीळ, व्रण, टक्कल, विरळ झालेले केस यांना हात लावू नये. त्वचेचा रंग तर मुळीच बदलू नये. एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने लोकांच्या आक्षेपानंतर २०२० साली वर्णानुसार स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली, पण घरोघरी फोटो उजळवणं अजून थांबलेलं नाही. उजळवलेला फोटो पाहून आलेली माणसं मुलीला पाहून क्षणभर गप्प होतात, आणि तो अपमान फोटो उजळवणाऱ्याला नव्हे, तिला सोसावा लागतो.

दाढी ठेवली, वजन बदललं, केस कापले की फोटोही बदलावा. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नातला नटलेला फोटो चालवू नये. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. साधा पाठवला तर आकार कमी होतो, आणि दोन-तीन नातेवाइकांच्या फोनमधून पुढे जाईपर्यंत चेहरा पुसट होऊ शकतो.