नसबंदीनंतरचे तीन महिने

जुना जालन्यातलं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. नवरा मोंढ्यात हमाली करतो, दोन मुलं आहेत आणि आता पाळणा थांबवायचा आहे. ऑपरेशन कोणाचं, हा प्रश्न घरात निघतच नाही. निघालाच तर सासूबाई म्हणतात, "तो पोती उचलतो, त्याला अशक्तपणा आला तर खायचं काय?" पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झाली आहे. नवऱ्याने नसबंदी केली आहे, असं सांगणाऱ्या शंभरात एकही नाही.

अशक्तपणाची भीती निराधार आहे. पुरुषी संप्रेरक वृषणात तयार होतं आणि थेट रक्तात मिसळतं. नसबंदीत फक्त शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या बंद होतात. म्हणून ताकद, इच्छा आणि ताठरता तशीच राहते. वीर्यही पूर्वीसारखंच येतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो. बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून कातडीला एक छोटं छिद्र पाडतात. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोन दिवस विश्रांती घ्यावी लागते. पोती मात्र आठवडाभर उचलायची नाहीत. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण आत घालावी लागते, त्यामुळे जोखीम तिलाच जास्त असते.

तरीही पुष्कळ बायका स्वतःच पुढे होतात. त्यामागे एक न बोललेली भीती असते: यांचं ऑपरेशन झालं आणि मला दिवस गेले, तर लोक काय म्हणतील?

या भीतीला कारण आहे. नळ्या बंद केल्या तरी गाठीच्या पुढच्या भागात आधीच पोचलेले शुक्राणू शिल्लक असतात. ते निघून जायला सुमारे तीन महिने लागतात. तोवर निरोध वापरला नाही, तर गर्भ राहू शकतो. तीन महिन्यांनी वीर्य तपासून त्यात शुक्राणू नाहीत हे कळल्यावरच नसबंदी यशस्वी मानतात. पण जखम भरली की बरेच जण या तपासणीला येत नाहीत. मग दिवस गेले की संशय बायकोवर जातो. क्वचित नळी पुन्हा जुळते आणि काही वर्षांनीही गर्भ राहतो. अशा वेळी पहिलं काम म्हणजे नवऱ्याचं वीर्य पुन्हा तपासणं.

इतिहासाचाही भार आहे. आणीबाणीत, १९७६-७७ मध्ये, देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या होत्या. त्या जबरदस्तीनंतर सरकारी कार्यक्रमाचा रोख बायकांकडे वळला. बाळंतपणासाठी ती दवाखान्यात आलेलीच असते, तेव्हा "त्यातच उरकून घ्या" म्हणणं सगळ्यांना सोपं जातं.

म्हणून समुपदेशनाला दोघांनी मिळून बसावं आणि तपासणीची तारीख बायकोलाही माहीत असावी.