आकडा चुकला, आता दुरुस्तीचा मेल

मंडळी, आजचा विषय छोटा आहे, पण त्यात पैसे अडकतात. आपण एखाद्या गटाला मेल पाठवतो, त्यात आकडा चुकीचा जातो आणि दोन दिवसांनी ते लक्षात येतं. मग काय करायचं? जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. म्हणजे तो रस्ता बंद. उरतो तो दुसरा मेल.

आपण एक उदाहरण घेऊ. चाळीस सदनिकांची एक सोसायटी आहे. रंगकामाचा खर्च ६,१२,००० रुपये. प्रत्येकी १५,३०० रुपये येतात. सचिवांनी मेलमध्ये लिहिले १३,५००. तिघांनी तेवढे भरूनही टाकले. बाकीच्यांनीही तसंच केलं, तर रंगाऱ्याला द्यायच्या रकमेत ७२,००० रुपयांचा खड्डा पडेल.

पहिलं काम लिहिण्याचं नाही, तपासण्याचं आहे. दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागली तर तिसऱ्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून मूळ कागद, इथे रंगाऱ्याचं दरपत्रक, समोर घेऊन भागाकार पुन्हा करायचा. एक जुनी हिशेबी खूण आहे: शेजारचे दोन अंक उलटे पडले की बरोबर आणि चूक आकड्यांतल्या फरकाला ९ ने नि:शेष भाग जातो. इथे फरक १,८०० चा, त्याला ९ ने भाग जातो. ही खूण म्हणजे पुरावा नव्हे, पण चूक बेरजेत नसून लिहिण्यात असावी, हे त्यावरून सुचतं. मग मेलमधले बाकीचे आकडे आणि तारखाही एकदा पाहून घ्यायच्या.

आता मेल. तो असा असावा:

विषय: दुरुस्ती – रंगकामाची वर्गणी १५,३०० रुपये (१३,५०० नव्हे)

सर्व सभासदांस स. न.
रंगकामाची वर्गणी प्रत्येकी १५,३०० रुपये आहे. सोमवारच्या माझ्या मेलमध्ये १३,५०० असे लिहिले गेले; अंक उलटे पडले. एकूण खर्च ६,१२,००० रुपये आणि भरण्याची तारीख यांत बदल नाही. ज्यांनी १३,५०० भरले आहेत त्यांनी उरलेले १,८०० रुपये त्याच तारखेपर्यंत भरावेत. त्यांना दोनदा भरावे लागत आहे, त्याबद्दल दिलगीर आहे. सुधारित तक्ता सोबत जोडला आहे. जुना वापरू नये.

बघा, बरोबर आकडा विषयातच आहे आणि पहिल्या वाक्यातही आहे. फोनवर लोक तेवढंच वाचतात. ‘माझ्या मेलमध्ये’ असं साधं म्हटलंय, टायपिंग कोणी केलं हा विषयच काढलेला नाही. कारण तीन शब्दांत दिलंय. ते कारण सफाई देण्यासाठी नाही. बाकीच्या आकड्यांवर भरवसा ठेवावा की नाही, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून आहे. दिलगिरी एकच, आणि ज्यांना खरोखर त्रास झाला त्या तिघांना उद्देशून.

आता कोणी म्हणेल, एवढीच माफी कोरडी वाटत नाही का? पण लांबलचक माफीचा परिणाम काय होतो ते पाहू. ‘मला फार लाज वाटते, असं व्हायला नको होतं’ असे दोन परिच्छेद आले की चाळीस लोकांना वाटतं, आता यांची समजूत काढायला हवी. ‘अहो, होतं असं’, ‘काही हरकत नाही’ अशी उत्तरं सर्वांना जातात. त्या गर्दीत १५,३०० हा आकडा खाली दबतो, आणि पुढच्या महिन्यात कोणीतरी पुन्हा १३,५०० भरतं. संकोच आपला, भुर्दंड सोसायटीचा.

पाठवताना एक पाहावं. पहिला मेल ज्यांना गेला त्या सगळ्यांना दुसराही गेला पाहिजे. पत्ते गुप्त प्रतीत असतील तर ते पुन्हा भरावे लागतात. नाहीतर दुरुस्ती फक्त आपल्यालाच पोचते! आणि ज्या तिघांनी पैसे भरलेत त्यांना एकेक फोन करावा, तेवढं पुरतं.

या पद्धतीला मर्यादाही आहे. सभेत १३,५०० हाच आकडा सांगून मंजुरी घेतली असेल, तर मेलने भागत नाही. विषय सभेपुढे पुन्हा ठेवावा लागतो. आणि रंगाऱ्याने नंतर दर वाढवला असेल, तर ती दुरुस्ती नव्हेच, तो बदल आहे. त्याला ‘दुरुस्ती’ म्हटलं की लोकांना काहीतरी लपवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

आता प्रश्न घेऊ या.