सेकंदाचा चाळिसावा भाग

पाऊस सरला की जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांची मैदानं कोरडी होतात आणि प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धांची तयारी सुरू होते. धावणाऱ्याला रस्ता पुरतो, कबड्डीला अंगण पुरतं. थाळीफेकीला मात्र माळावरची मोठी सपाट जागा लागते आणि नवख्या मुलाची थाळी त्या जागेत नेमकी कुठे पडेल, हे कुणालाच सांगता येत नाही. हा दोष मुलाचा नाही. त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे.

आठवी-नववीतली एक मुलगी १ किलोची थाळी जागेवर उभी राहून फेकते आहे असं समजू. हातातून सुटताना थाळीचा वेग सेकंदाला १२ मीटर आहे आणि पाठीच्या कण्यापासून थाळीपर्यंतचं अंतर साधारण १ मीटर. म्हणजे सुटण्याच्या वेळी हात सेकंदाच्या शंभराव्या भागात जवळजवळ ७ अंश फिरतो. थाळी ज्या पट्ट्यात पडायला हवी त्याचा कोन ३४.९२ अंश असतो, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साडेसतरा अंशांहून जरासा कमी. भागाकार केला की उत्तर येतं ०.०२५ सेकंद. बोटांतून सुटायला सेकंदाचा चाळिसावा भाग इकडेतिकडे झाला की थाळी पट्ट्याबाहेर. उजव्या हाताने फेकणाऱ्याची थाळी लवकर सुटली तर उजवीकडे जाते, उशिरा सुटली तर डावीकडे. डावखुऱ्याचं नेमकं उलट.

इतकी अचूकता पहिल्या महिन्यात कुणालाच येत नाही. म्हणून गिरकी बाजूला ठेवून उभ्यानं फेकण्यापासून सुरुवात करायची. गिरकी घेताना शरीर दीड वेळा फिरतं आणि पायातली प्रत्येक चूक शेवटच्या क्षणी दिशेवर येऊन आदळते. उभ्या फेकीत तपासायला दोनच गोष्टी उरतात, हाताची पकड आणि कमरेपासूनची सुरुवात.

पकड म्हणतात खरी, पण थाळी पकडायची नसते. चार बोटं पसरून त्यांची टोकाची पेरं काठावरून जेमतेम आत वळवायची, अंगठा पृष्ठभागावर नुसता टेकवायचा आणि मनगट सैल सोडायचं. हात झुलत असताना थाळी आतल्या बाजूला पडत नाही, कारण हाताच्या फिरण्यामुळे ती बोटांवर दाबली जाते. नवख्या मुलांचा यावर विश्वास बसत नाही. ती अंगठ्याने थाळी आवळतात, मग ती सुटायला उशीर होतो आणि हमखास डावीकडे जाते.

थाळी सर्वांत शेवटी तर्जनीवरून सुटायला हवी. तर्जनी काठाला जाता जाता मागे ओढते आणि उजव्या हाताची थाळी वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागते. ही फिरकी शोभेची नाही. फिरणारी वस्तू आपला कल सहजी बदलू देत नाही. त्यामुळे थाळी हवेत तिरपी टिकते आणि खालून हवेचा आधार घेत पुढे जाते. करंगळीकडून सुटलेली थाळी फडफडते, उभी होते आणि धपकन पडते. हे ओळखायला मैदानाचीही गरज नाही. हात बाजूला सोडून, तळवा मांडीकडे ठेवून थाळी जमिनीवरून पुढे घरंगळत सोडायची. तर्जनीवरून सुटली तर ती चाकासारखी सरळ जाते, नाहीतर दोन-तीन मीटरवर कलंडते. पहिले काही दिवस एवढंच केलं तरी चालेल, आणि त्यात धोकाही कमी.

आता कंबर. उजव्या हाताच्या खेळाडूने पाय खांद्यांपेक्षा रुंद ठेवायचे, डावा पाय फेकण्याच्या दिशेला आणि वजन वाकवलेल्या उजव्या पायावर. थाळी मागे नेताना खांदे मागे वळतात. परतताना आधी उजवा पाय चवड्यावर फिरतो, त्याच्यामागून कंबर, मग छाती आणि सगळ्यात शेवटी हात. मुलं उत्साहाच्या भरात हातापासून सुरू करतात. ते बघायला कॅमेरा लागत नाही, माती पुरते. फेक झाल्यावर उजव्या पायाखाली पाहा. चवडा फिरला असेल तर तांबूस धुळीत अर्धवर्तुळाकार ओरखडा उठलेला दिसतो. नुसता ठसा असेल तर ती फेक फक्त हाताची होती.

कमरेवर एवढा भर कशासाठी? वेगासाठी. हवेचा परिणाम सोडून दिला, तर दीड मीटर उंचीवरून ३५ अंशांत, सेकंदाला १२ मीटर वेगाने सुटलेली थाळी सुमारे पावणेसोळा मीटरवर पडते. वेग १३ झाला की अंतर १८ मीटरच्या वर जातं. वेग १२ च ठेवून कोन ३८ अंश केला तर अंतर जेमतेम पाव मीटरने वाढतं. तरीही ‘अजून उंच फेक’ हीच सूचना मैदानावर सर्वांत जास्त ऐकू येते!

वाऱ्याबद्दलही असंच. थाळीला समोरचा वारा मानवतो. पुरुषांचा ७५.५६ मीटरचा जागतिक विक्रम लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने २०२५ मध्ये अमेरिकेतल्या रमोना या गावी केला, आणि थाळीफेकपटू तिथे जातात ते वाऱ्यासाठीच. पण १५-१६ मीटरच्या फेकीला वाऱ्याचा फायदा नगण्य. जव्हारच्या माळावर फेकीची दिशा ठरवताना वाऱ्याचा विचार न करता पायवाट, विहीर आणि वर्गखोल्या कुठे आहेत ते पाहावं.

पट्टा आखायला कोनमापक लागत नाही. अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळाच्या मध्यापासून २० मीटरवर एकमेकांपासून १२ मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या आणि मध्यापासून त्यांच्याकडे दोऱ्या ताणायच्या, की पट्टा तयार.

जाळीचा पिंजरा वरून पाहिला तर इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो. नियमाप्रमाणे त्याचं तोंड वर्तुळाच्या मध्यापासून ७ मीटर पुढे आणि ६ मीटर रुंद असतं. जाळी मध्यापासून किमान ३ मीटर लांब असावी, उंची निदान ४ मीटर. स्पर्धेच्या पिंजऱ्याने २ किलोची, सेकंदाला २५ मीटर वेगाची थाळी अडवली पाहिजे, म्हणजे ६२५ ज्यूल ऊर्जा. आपल्या मुलीच्या उभ्या फेकीत ७२ ज्यूल असतात, जवळपास नववा हिस्सा. त्यामुळे सरावापुरतं बांबू आणि जाड दोऱ्याच्या नायलॉन जाळीवर भागू शकतं. अट एवढीच की जाळी सैल लोंबती हवी. ताणलेली जाळी थाळी परत फेकते, सैल जाळी तिला पोटात घेते. खांब जाळीच्या बाहेरच्या बाजूला खोल पुरायचे आणि जाळीचा खालचा काठ आत दुमडून त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. जाळी फुगते, म्हणून रांगेतली मुलं तिला टेकून नकोत, चांगली लांब हवीत. थाळी मागे नेतानाच निसटली तर ती पाठीमागे जाते, तेव्हा मागची बाजू उघडी ठेवून चालत नाही.

पिंजरा असला तरी तोंडातून थाळी बाहेर पडू शकते तो धोक्याचा कोन, डावे-उजवे दोन्ही खेळाडू धरले तर, ६९ अंशांच्या आसपास असतो. आखलेल्या पट्ट्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून मोजणाऱ्यांनी पट्ट्याच्या दोऱ्यांना चिकटून उभं राहू नये. केरळमधल्या पाला इथे ऑक्टोबर २०१९ मध्ये हातोडाफेक आणि भालाफेक एकाच वेळी चालू होत्या. मदतीला आलेल्या एका शाळकरी मुलाच्या डोक्याला हातोडा लागला आणि त्याच महिन्यात तो गेला. एका वेळी एकच फेकीचा प्रकार, सगळ्यांच्या फेकी झाल्यावरच थाळ्या आणायला जाणं आणि थाळी हातात घेऊन चालत परतणं, या तीन गोष्टींना काही खर्च येत नाही.

सकाळच्या दवात थाळी ओली होते, तेव्हा प्रत्येक फेकीआधी ती फडक्याने पुसावी. आणि गिरकी शिकवायला घेतली की बांबूच्या जाळीचा हिशेब पुन्हा मांडावा. वेग सेकंदाला १८ मीटर झाला तर त्याच १ किलोच्या थाळीत १६२ ज्यूल येतात, उभ्या फेकीच्या सव्वादोनपट.